हफमन कोड पहिल्यांदा बनवताना: मोजणीपासून चॅनलपर्यंत

हफमन कोड म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हांना कमी आणि क्वचित येणाऱ्यांना जास्त बिट देणारा कोड. तो पहिल्यांदा लिहिला तेव्हा पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही टोकांना मी एकच मोजणी दिली होती. दोन्ही प्रोग्रॅमनी त्या मोजणीवरून कोणत्या चिन्हाला कोणते बिट हे ठरवणारं आपापलं झाड बांधलं. दोन्हीकडे सरासरी लांबी अगदी सारखी आली, म्हणून मी निर्धास्त होतो. प्रत्यक्ष पाठवायला लागल्यावर पलीकडे मात्र तिसऱ्या-चौथ्या चिन्हापासून भलतंच काही उमटू लागलं. दोन दिवस मी तार, वेग, बिटांचा क्रम असं सगळं तपासत बसलो. दोष तिथे नव्हताच. मोजणीत दोन आकडे सारखे होते, त्या ठिकाणी एका प्रोग्रॅमने एक जोडी निवडली होती आणि दुसऱ्याने दुसरी. दोन्ही झाडं बरोबर होती, पण वेगवेगळी होती.

या बरोबरीच्या जागेकडे पाठ्यक्रमात फारसं कुणी लक्ष वेधत नाही. साठवायच्या फाइलसाठी ती बिनमहत्त्वाची आहे हे खरं, पण तुम्ही चॅनलवरून पाठवणार असाल तर तिथेच बरंच काही ठरतं. म्हणून हा लेख एकच छोटं उदाहरण घेऊन त्या जागेपर्यंत आणि त्याच्या थोडं पुढे जातो.

## सुरुवात करण्यापूर्वी काय हवं

- चिन्हांची पूर्ण यादी: स्रोतातून जे जे येऊ शकतं ते सगळं, क्वचित येणारंसुद्धा
- प्रत्येक चिन्ह किती वेळा आलं याची मोजणी, खऱ्या नोंदींवरून केलेली
- पायथा २ चा लॉग काढता येईल असा कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट
- कागद-पेन्सिल. पहिलं झाड हातानेच काढा
- पायथन ३, पण ते शेवटी, पडताळणीपुरतं
- चॅनलचा वेग, बिट प्रति सेकंदात. हा आकडा बहुतेक जण विचारायचाच विसरतात

## १. चिन्हं ठरवा आणि मोजा

समजा, एक सेन्सर दर सेकंदाला एक अवस्था कळवतो. अवस्था पाच आहेत: क म्हणजे स्थिर, ख म्हणजे किंचित वाढ, ग म्हणजे किंचित घट, घ म्हणजे मोठा बदल आणि च म्हणजे वाचन फसलं. जुन्या नोंदींतल्या १०० वाचनांची मोजणी अशी निघाली, p म्हणजे ते चिन्ह येण्याची शक्यता:

| चिन्ह | वेळा | p |
|---|---|---|
| क | ४० | ०.४० |
| ख | २० | ०.२० |
| ग | २० | ०.२० |
| घ | १२ | ०.१२ |
| च | ८ | ०.०८ |

काहीही न करता पाठवायचं तर पाच चिन्हांना प्रत्येकी ३ बिट लागतात. २ बिटांत चारच आकृत्या बसतात, ३ बिटांत आठ बसतात, त्यामुळे तीन रिकाम्या राहतात. म्हणजे १०० वाचनांना ३०० बिट. पुढचं सगळं या ३०० शी ताडून पाहायचं.

इथला सापळा शून्य मोजणीचा. नमुन्यात च एकदाही आलं नसतं तर त्याला कोडच मिळाला नसता. मग ज्या दिवशी सेन्सर खरोखर फसेल त्या दिवशी पाठवणाऱ्याकडे तेच सांगायला शब्द नसेल. जे येऊ शकतं पण नमुन्यात दिसलं नाही, त्याला मोजणीत निदान १ द्या. सरासरीत त्याने नगण्य फरक पडतो.

## २. एन्ट्रॉपी काढा

एन्ट्रॉपी म्हणजे या स्रोताला दर चिन्हामागे सरासरी किती बिट लागणारच, ती खालची मर्यादा. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली ती मांडली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. एखादं चिन्ह जितकं अनपेक्षित, तितकी ते आल्यावर मिळणारी माहिती जास्त. ही माहिती log2(1/p) इतकी मोजतात. क चाळीस टक्के वेळा येतंच, त्यामुळे त्याची माहिती १.३२ बिट आहे. च क्वचित येतं, त्याची ३.६४ बिट. प्रत्येकाची माहिती त्याच्या p ने गुणून बेरीज केली की एन्ट्रॉपी मिळते:

```
H = sum of p * log2(1/p)

0.40 * 1.322 = 0.529
0.20 * 2.322 = 0.464
0.20 * 2.322 = 0.464
0.12 * 3.059 = 0.367
0.08 * 3.644 = 0.292
H            = 2.116
```

तुमचं उत्तर १.४६७ आलं असेल तर तुम्ही नैसर्गिक लॉग वापरला आहे, आणि ०.६३७ आलं असेल तर पायथा १० चा. दोन्ही वेळा गणित चुकलेलं नसतं, फक्त एकक बिट नसतं. कॅल्क्युलेटरवर log2 ची कळ नसेल तर कोणताही लॉग घ्या आणि त्याच प्रकारच्या log(2) ने भागा.

२.११६ चा अर्थ असा: चिन्हं एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर कोणत्याही युक्तीने १०० वाचनं सरासरी २११.६ बिटांपेक्षा कमीत बसणार नाहीत. त्यातला ‘स्वतंत्र असतील तर’ हा भाग नजरेआड करू नका. क नंतर बहुतेक वेळा पुन्हा क येत असेल, तर खरी मर्यादा याहून खाली असते आणि वरचं सूत्र ती पाहू शकत नाही, कारण त्याला फक्त मोजणी दिसते, क्रम दिसत नाही. तुमच्या आकड्यांत अशा लांब रांगा दिसत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. उदाहरणार्थ, ‘सलग किती वेळा क आलं’ हीच संख्या पाठवा आणि तिच्यासाठी हफमन कोड बनवा.

## ३. झाड बांधा

हफमन कोड पूर्ण बिटांचा असतो. १.३२ बिटांचा कोडशब्द कुणाला देता येत नाही, १ बिट तरी द्यावा लागतो किंवा २. ही वाटणी सर्वांत काटकसरीने कशी करायची, हा प्रश्न. शॅनन आणि रॉबर्ट फॅनो यांची आधीची पद्धत वरून खाली जायची, म्हणजे चिन्हांचे जवळपास सारख्या वजनाचे दोन गट पाडायचे, मग त्या गटांचे पुन्हा दोन. ती नेहमीच सर्वोत्तम उत्तर देत नाही. फॅनो यांच्याच एमआयटीतल्या वर्गात १९५१ साली डेव्हिड हफमन हा विद्यार्थी होता. त्याने उलटा रस्ता धरला, खालून वर. १९५२ साली ते प्रसिद्ध झालं.

कृती दोन ओळींची आहे. सर्वांत कमी वजनाच्या दोघांना जोडा, त्यांची बेरीज हे नव्या गाठीचं वजन धरा. एकच गाठ उरेपर्यंत हेच करत राहा.

हे का चालतं ते एकदा समजून घेतलं की पुन्हा पुस्तक उघडावं लागत नाही. सर्वोत्तम झाडात सर्वांत खोलवरचं चिन्ह एकटं असू शकत नाही. ते एकटं असेल तर त्याचा शेवटचा बिट काही वेगळं सांगतच नाही, तो कापून टाकता येतो. म्हणजे सर्वांत खोलवर निदान दोन भावंडं असणारच. आणि सर्वांत लांब कोडशब्द सर्वांत दुर्मीळ दोघांनाच दिलेले बरे, नाहीतर अदलाबदल करून सरासरी कमी करता येईल. म्हणून दुर्मीळ दोघांना भावंडं मानायला हरकत नाही. त्यांना एकत्र धरून एकच चिन्ह समजा, आणि मग तोच युक्तिवाद पुन्हा लागू होतो.

आपल्या उदाहरणात पहिली जोडी निर्विवाद आहे: च ८ आणि घ १२, मिळून २०. आता यादीत क ४०, ख २०, ग २० आणि ही नवी गाठ २०. सर्वांत लहान दोन निवडायचे आहेत आणि वीस तीन आहेत.

## ४. बरोबरी आली की थांबा

पहिली वाट. नवी गाठ शक्य तितकी मागे ठेवायची. म्हणून ख आणि ग जोडा, ४० झाले. उरले: गाठ २०, क ४०, नवी गाठ ४०. इथे २० ची गाठ घ्यावीच लागते. तिच्याबरोबर क की नवी गाठ, ही पुन्हा बरोबरी, पण नियम तोच, जुनं आधी. क घ्या, ६० झाले. शेवटी ६० आणि ४०. लांब्या: क २, ख २, ग २, घ ३, च ३.

दुसरी वाट. नवी गाठ लगेच वापरायची. गाठ २० आणि ख जोडा, ४० झाले. मग ग २० आणि ती ४० जोडा, ६० झाले. शेवटी क ४० आणि ६०. लांब्या: क १, ग २, ख ३, घ ४, च ४.

दोन्हीकडे जोडण्यांची वजनं २०, ४०, ६०, १०० अशी आहेत आणि त्यांची बेरीज २२०. ही बेरीज म्हणजेच १०० वाचनांना लागणारे बिट, कारण प्रत्येक जोडणी त्या गाठीखालच्या प्रत्येक वाचनाला एक बिट वाढवते. कागदावर पडताळा घ्यायला ही सोयीची युक्ती आहे. लांबी गुणिले वेळा करूनही २२० च यायला हवेत. ते येत नसतील तर झाडात कुठेतरी फांदी चुकली आहे.

म्हणजे सरासरी २.२० बिट, एन्ट्रॉपी २.११६. तीन बिटांच्या साध्या कोडच्या तुलनेत साधारण २७ टक्के बचत झाली, आणि मर्यादेपासून आपण ०.०८ बिटच दूर आहोत. या मोजपट्टीवर दोन्ही वाटा अगदी सारख्याच. (तिसरीही वाट आहे, तिच्यात क ला १ आणि बाकी चौघांना ३ बिट मिळतात. सरासरी पुन्हा २.२०. करून पाहा.)

पण पहिल्या वाटेत लांब्या २ आणि ३ आहेत, दुसरीत १ पासून ४ पर्यंत. पहिल्या झाडाला मी ‘बसकं’ म्हणतो, दुसऱ्याला ‘उंच’. फरक कळायला चॅनल जोडावा लागतो.

## ५. चॅनलचा वेग आणि बफर

सेन्सर दर सेकंदाला एक चिन्ह देतो. चॅनल ठरलेल्या वेगाने बिट नेतो, समजा २.४ बिट प्रति सेकंद. सरासरी २.२ आहे, म्हणजे थोडी सवड आहे. कोडशब्द मात्र कधी लहान, कधी मोठा. तो फरक सांभाळायला मध्ये बफर, म्हणजे बिट तात्पुरते साठवायची जागा, लागतो.

आता सलग दहा सेकंद फक्त घ आणि च येत राहिले असं धरा. मोठे बदल आणि फसलेली वाचनं सहसा घोळक्यानेच येतात, त्यामुळे हे काही ओढूनताणून आणलेलं उदाहरण नाही. दहा सेकंदांत चॅनल २४ बिट नेतो. बसक्या झाडाने ३० बिट तयार केले, बफरमध्ये ६ साचले. उंच झाडाने ४० केले, साचले १६. बफर १२ बिटांचा असता तर उंच झाडाचे बिट वाहून गेले असते, आणि तेही नेमके मोठ्या बदलाच्या वेळी, म्हणजे जेव्हा नोंद हवीच असते.

उलट बाजूही पाहा. सलग दहा क आले तर उंच झाड फक्त १० बिट देतं. बफर रिकामा होतो आणि चॅनलला पाठवायला काही उरत नाही. पण चॅनल थांबत नाही, काहीतरी पाठवावंच लागतं, आणि ते भरीचं आहे हे पलीकडे कळायला वेगळी सोय करावी लागते. बसक्या झाडाने २० बिट दिले असते. तिथेही कमी पडतात, पण बरेच कमी वेळा.

दुसरा फरक हळूहळू कळतो. मोजणी बदलली तर काय? समजा सेन्सर खराब होऊ लागला आणि क-च यांची अदलाबदल झाली: च ४० वेळा, क ८ वेळा. एन्ट्रॉपी तीच राहते, कारण ती नावं पाहत नाही. जुनाच कोड चालू ठेवला तर बसक्या झाडाची सरासरी २.५२ होते, अजूनही ३ पेक्षा कमी. उंच झाडाची होते ३.१६, म्हणजे कोड न वापरता सरळ तीन बिट पाठवले असते तर स्वस्त पडलं असतं. आणि २.४ च्या चॅनलवर दोघांचाही बफर भरत जाणार, फक्त उंचाचा सहापटीहून जास्त वेगाने.

म्हणून बरोबरी आली की नवी गाठ मागे ठेवा. सरासरी तीच राहते आणि लांब्यांमधला चढउतार सर्वांत कमी होतो.

चॅनल नेमका २.२ चा घेऊन काटकसर करण्याचा मोह होईल. तसं करू नका. येणारा आणि जाणारा सरासरी वेग सारखा असेल तर बफर कधी ना कधी कितीही मोठा भरतो, आणि कोणताही ठरावीक आकार पुरत नाही. सवड किती ठेवायची हे तुमच्या स्रोतातले घोळके किती लांब आहेत त्यावरून ठरवा. जुन्या नोंदी त्याच वेगाने चालवून बफर सर्वाधिक किती भरला ते मोजणं, हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग.

## ६. झाड पाठवू नका, लांब्या पाठवा

सुरुवातीला सांगितलेल्या माझ्या दोन दिवसांच्या घोटाळ्यावरचा उपाय इथे आहे. दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे झाड बांधू देऊ नका. एकाने बांधावं आणि फक्त लांब्या ठरवाव्यात. कोडशब्द लांब्यांवरून ठरलेल्या नियमाने तयार करावेत. याला कॅनॉनिकल हफमन म्हणतात. झिप आणि पीएनजी फाइलींच्या आत जी डिफ्लेट पद्धत असते, ती हेच करते.

नियम असा: चिन्हं लांबीच्या चढत्या क्रमाने लावा, सारख्या लांबीची मूळ यादीच्या क्रमाने. पहिल्याला सगळे शून्य. पुढच्याला मागच्यात एक मिळवून. लांबी वाढली की एक मिळवल्यानंतर उजवीकडे तितके शून्य जोडा.

```
क  2  00
ख  2  01
ग  2  10
घ  3  110
च  3  111
```

ग चा `10`, त्यात एक मिळवला की `11`, लांबी एकाने वाढली म्हणून `110`. कोणताही कोडशब्द दुसऱ्याची सुरुवात नाही, त्यामुळे मध्ये विरामचिन्ह न घालताही वाचता येतं. तपासायचं असेल तर प्रत्येक लांबी L साठी २ चा −L वा घात घेऊन बेरीज करा: तीन वेळा १/४ आणि दोन वेळा १/८, बरोबर १. बेरीज १ पेक्षा जास्त आली तर असा कोड अस्तित्वातच नाही. कमी आली तर कुठेतरी बिट वाया जात आहे.

घेणाऱ्याला २, २, २, ३, ३ एवढंच सांगायचं. प्रत्येक लांबीला ३ बिट धरले तर तक्ता १५ बिटांत मावतो. १०० वाचनांना २२० अधिक १५, म्हणजे २३५ बिट, अजूनही ३०० च्या बऱ्याच खाली. पण संदेश सहाच चिन्हांचा असेल तर १३ अधिक १५ होतात २८, आणि साध्या कोडने १८ च लागले असते. छोट्या संदेशांसाठी तक्ता आधीच दोन्हीकडे ठेवून द्या आणि तो प्रत्येक वेळी पाठवू नका.

हे सगळं पायथनमध्ये पडताळायचं तर एवढं पुरे:

```python
import heapq

counts = {"क": 40, "ख": 20, "ग": 20, "घ": 12, "च": 8}
heap = [(n, i, [s]) for i, (s, n) in enumerate(counts.items())]
heapq.heapify(heap)
length = dict.fromkeys(counts, 0)
order = len(heap)
while len(heap) > 1:
    n1, _, a = heapq.heappop(heap)
    n2, _, b = heapq.heappop(heap)
    for s in a + b:
        length[s] += 1
    heapq.heappush(heap, (n1 + n2, order, a + b))
    order += 1
print(length)
```

यातला `order` शोभेचा नाही. वजन सारखं असेल तेव्हा तोच निवड करतो, आणि नव्या गाठीला मोठा क्रमांक मिळत असल्याने ती मागे राहते. push च्या ओळीत `order` ऐवजी `-order` लिहून चालवा, उंच झाड मिळेल. आणि यादीत एकच चिन्ह असेल तर या प्रोग्रॅममध्ये त्याची लांबी ० येते, म्हणजे काहीच पाठवलं जात नाही. तेवढी परिस्थिती वेगळी हाताळून लांबी १ करा.

## ७. पाठवा, आणि शेवटच्या बिटांकडे बघा

संदेश घेऊ: क क ग घ क ख.

```
00 00 10 110 00 01
```

एकूण १३ बिट. पण प्रत्यक्षात चॅनल किंवा फाइल आठ-आठ बिटांचे बाइट मागते. म्हणून शेवटी तीन शून्य भरले जातात आणि `00001011 00001000` असे दोन बाइट जातात. घेणारा प्रामाणिकपणे वाचत जातो, ख नंतर त्याला `000` दिसतं, आणि त्यातल्या `00` वरून तो सातवं क लिहितो. नवख्यांच्या प्रोग्रॅममध्ये संदेशाच्या शेवटी एक-दोन जादा चिन्हं येतात, ती जवळपास नेहमी इथूनच. लक्षण ओळखायला सोपं आहे: जादा चिन्ह बहुतेक वेळा तेच असतं ज्याचा कोड शून्यांचा आहे.

यावर उपाय दोन. एक, सुरुवातीला चिन्हांची संख्या पाठवा. दोन, ‘संपलं’ असं एक वेगळं चिन्ह यादीत घाला, मोजणी १ देऊन. डिफ्लेट दुसरा मार्ग वापरते. किती वाचनं येणार हे आधी माहीत नसलेल्या प्रवाहाला तोच सोयीचा.

## ८. एक बिट उलटला तर

वरच्या संदेशातला सातवा बिट वाटेत उलटला, १ चा ० झाला असं धरा. घेणाऱ्याला दिसतं:

```
00 00 10 01 00 00 1
```

त्याने सहा चिन्हं वाचली: क क ग ख क क. मूळ संदेश होता क क ग घ क ख. संख्या सहा सांगितली होती, सहा मिळाली, तो समाधानाने थांबला. घ, म्हणजे मोठा बदल, गायब झाला आणि त्याच्या जागी किंचित वाढ आली. तक्रार कुठेही नाही.

तक्रार येणारही नाही, कारण मघाशी काढलेली बेरीज बरोबर १ आहे. म्हणजे बिटांची कोणतीही रांग या कोडमध्ये काहीतरी अर्थ देतेच. सोर्स कोडिंगने, म्हणजे इथे हफमनने, सगळी जादा जागा काढून टाकली, आणि चूक पकडायला लागते तीही जादा जागाच. शिवाय चूक जिथे झाली तिथेच थांबत नाही. तीन बिटांच्या शब्दाचे दोन बिट वाचले गेले की पुढच्या शब्दांच्या सीमा सरकतात. त्या पुन्हा जुळतात, पण कधी जुळतील ते पुढच्या चिन्हांवर अवलंबून असतं. साध्या तीन बिटांच्या कोडमध्ये एका उलट्या बिटाने एकच चिन्ह बिघडलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हफमन, मग संदेशाचे तुकडे करून प्रत्येकाला सीआरसी, म्हणजे चूक झाली हे ओळखण्यासाठीचे तपास-बिट, मग चॅनल कोडिंग, म्हणजे चूक सुधारण्यासाठी मोजून-मापून घातलेले जादा बिट. पलीकडे बरोबर उलट क्रमाने. क्रम बदलून आधी चूक-सुधार आणि मग हफमन केलं, तर एक उलटा बिट हफमनच्या सीमा हलवतो आणि आतल्या सुधार-कोडला एकाऐवजी चुकांचा पुंजका, कधी तर कमी-जास्त चिन्हंच मिळतात. तुकडे किती मोठे ठेवायचे हे चॅनल किती गोंगाटाचा आहे त्यावर ठरतं. तुकडा बिघडला की पूर्ण टाकावा लागतो, म्हणून गोंगाट जास्त तर तुकडे लहान. गुप्तता हवी असेल तर एन्क्रिप्शन हफमननंतर करा. एन्क्रिप्ट झालेले बिट यादृच्छिक दिसतात, त्यांची मोजणी सपाट असते आणि तिथे हफमनला कमावण्यासारखं काही उरत नाही.

## ९. हफमन कुठे तोकडा पडतो

आपल्या उदाहरणात हफमन मर्यादेच्या जवळ गेला कारण कोणतंच चिन्ह फार वरचढ नव्हतं. सर्वसाधारण हमी एवढीच आहे की सरासरी एन्ट्रॉपीपेक्षा पूर्ण एक बिट जास्त होणार नाही. एन्ट्रॉपी ७ असेल तर एक बिट जाणवत नाही. लहान असेल तर तो एक बिटच सगळं खाऊन टाकतो.

दोनच चिन्हं घ्या, ०.९५ आणि ०.०५. एन्ट्रॉपी ०.२८६ बिट. हफमन दोघांना एकेक बिट देतो, म्हणजे सरासरी १, गरजेच्या साडेतीन पट. झाड चुकलेलं नाही, एक बिटाखाली जायला त्याच्याकडे जागाच नाही. तेव्हा दोन-दोन चिन्हांच्या जोड्या करून त्यांना एक चिन्ह समजा. जोड्यांची शक्यता ०.९०२५, ०.०४७५, ०.०४७५ आणि ०.००२५. लांब्या १, २, ३, ३ येतात. जोडीमागे सरासरी १.१४७५, म्हणजे चिन्हामागे ०.५७४. जवळपास अर्ध्यावर आलं, तरी मर्यादेच्या दुप्पटच. तिघांचे, चौघांचे गट केले की आणखी खाली येतं, पण तक्ता दर वेळी दुप्पट होतो, आणि पाच चिन्हांच्या स्रोतात तर पाचपट. शिवाय गट पूर्ण भरेपर्यंत पाठवणाऱ्याला थांबावं लागतं, तो उशीर वेगळा. इतक्या एकतर्फी स्रोताला अरिथमेटिक कोडिंग जास्त मानवतं. ते चिन्हाला अपूर्णांकातले बिट खर्च करू देतं.

आपल्या पाच अवस्थांच्या सेन्सरला त्याची गरज नाही. क चं प्रमाण ४० वरून ८० च्या पुढे गेलं, तर एन्ट्रॉपी पुन्हा काढा आणि सरासरीशी ताडून बघा. फरक चिन्हामागे पाव बिटाच्या वर जाऊ लागला की जोड्या करायची वेळ झाली असं मी धरतो.